‘सीओडी आहे का?’ या मेसेजला काय उत्तर द्यावं

*मी कोल्हापूरहून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर कोल्हापुरी चपला विकते. जोड 950 रुपयांना. रोज वीस-पंचवीस मेसेज येतात आणि त्यातले निम्मे ‘सीओडी आहे का’, ‘साइज नाही आली तर परत घेणार का’ असेच असतात. ‘हो’ म्हटलं तर पार्सलं परत येतात, ‘नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक गप्प होतं. गेल्या महिन्यात अकरा सीओडी पाठवल्या, चार परत आल्या. बायोमध्ये ‘नो रिटर्न’ लिहिलंय, तरी भांडणं होतातच. नेमकं काय लिहून पाठवू?*
*— एक वाचक, कोल्हापूर*

ताई, उत्तर लिहायला बसण्याआधी परत आलेल्या त्या चार ऑर्डरींची चॅट उघडा. कुरियरच्या पॅनलवर प्रत्येक पार्सलपुढे न पोहोचल्याचं कारण लिहिलेलं असतं: ग्राहकाने नाकारलं, पत्ता अपुरा, ग्राहक घरी नाही, फोन लागला नाही. ते कारण आणि तुमची चॅट शेजारी ठेवून वाचा. बहुतेक वेळा असं दिसतं की गिऱ्हाइकाने ‘सीओडी आहे का’ विचारलं, तुम्ही ‘हो आहे’ म्हणालात, त्याने पत्ता टाकला आणि पुढे पार्सल दारात जाईपर्यंत दोघांत एक शब्दही झाला नाही. एकूण किती रुपये द्यायचे, पार्सल कधी येणार, पाकिटावर कोणाचं नाव असणार, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. मग कुरियरवाला दुपारी दीडला येतो, घरी सासूबाई असतात, त्या नाव ओळखत नाहीत. न मागवलेली पार्सलं पाठवून पैसे उकळतात हे त्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून त्या परत पाठवतात. पॅनलवर त्याचीच नोंद ‘ग्राहकाने नाकारलं’ अशी होते. यात ना गिऱ्हाईक फसवं असतं, ना चप्पल वाईट.

म्हणून ‘सीओडी आहे का’ या प्रश्नाला नुसतं ‘हो’ कधीच लिहू नका. पहिल्या उत्तरातच पिनकोड मागा. प्रीपेड पार्सल जिथे जातं तिथे सीओडी जातंच असं नाही; एकाच पिनकोडला एक कुरियर सीओडी देतो, दुसरा देत नाही. आधी हो म्हणून नंतर ‘तुमच्याकडे सीओडी नाही, ऑनलाइन भरा’ असं सांगितलं की फसवलं जातंय अशीच शंका येते. पिनकोड टाकून कुरियरच्या पॅनलवर सीओडी चालतं का ते बघायला अर्धा मिनिट लागतो. ते बघा आणि मगच बोला.

दुसरा मुद्दा पैशांचा. सीओडी परत आली की जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन्ही भाडी तुमच्या माथी पडतात, आणि चपलांच्या बाबतीत ती वजनापेक्षा खोक्यावर ठरतात. कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून साधारण 5000 ने भागतात, आणि ते आकारी वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्यावरच भाडं लावतात. समजा तुमचा जोड 600 ग्रॅमचा आहे. 30 × 20 × 10 सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तो 1.2 किलोचा ठरतो आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे भाडं दीड किलोचं लागतं. तोच जोड तळव्याला तळवा लावून, पट्ट्यांखाली कागदाचे गोळे घालून, जाड कुरियर पिशवीत 30 × 14 × 8 मध्ये बसवला तर 0.67 किलो होतो, म्हणजे भाडं एक किलोचं. दर पहिल्या अर्ध्या किलोला 60 आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 40 धरला, तर खोक्याला 140 आणि पिशवीला 100 पडतात, जीएसटी वेगळा. परतीचं भाडंही साधारण तेवढंच धरलं तर नाकारलेला एक जोड खोक्यात 280 ला पडतो आणि पिशवीत 200 ला. 950 च्या जोडीवर 250 सुटत असतील, तर एका परतीत एका विक्रीची कमाई गेली. तुमच्या कुरियरचे दर घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडा, कारण पुढचा आकडा त्यातूनच निघतो.

तो आकडा म्हणजे आगाऊ रक्कम. पूर्ण सीओडी द्यायची नाही आणि बंदही करायची नाही. दोन्हीकडचं भाडं निघेल एवढे पैसे, इथे 200, आधी यूपीआयने घ्या आणि उरलेले दारात. ज्याला चप्पल खरंच हवी आहे तो 200 भरतो. ज्याने पाच दुकानांत एकाच वेळी ऑर्डर टाकली आहे तो इथेच थांबतो, आणि तो इथे थांबला तर तुमचं काहीच जात नाही.

इथे एक चूक फार होते. ऑर्डर भरताना पॅनलवर ‘सीओडी रक्कम’ या चौकटीत सवयीने पूर्ण 950 टाकले जातात. कुरियरवाला दारात 950 मागतो, गिऱ्हाईक म्हणतं मी 200 भरलेत, भांडण होतं आणि पार्सल परत. त्या चौकटीत उरलेली रक्कमच जायला हवी, आणि लेबल छापल्यावर त्यावरचा आकडा वाचूनच ते चिकटवा.

पण 200 मागितले की उलट प्रश्न येणारच: ‘पैसे घेऊन ब्लॉक केलं तर?’ हा प्रश्न अपमान समजू नका; अनोळखी खात्यावर पैसे पाठवणाऱ्याने तो विचारायलाच हवा. ‘विश्वास ठेवा ताई’ असं लिहिल्याने तो सुटत नाही, दाखवल्याने सुटतो. गिऱ्हाइकाने निवडलेल्याच जोडीवर एक चिठ्ठी ठेवा, चिठ्ठीवर त्याचं नाव आणि आजची तारीख हाताने लिहा आणि फोटो पाठवा. आणि यूपीआयवर कोणाचं नाव दिसेल ते आधीच सांगा. बऱ्याच घरगुती व्यवसायांचं खातं नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतं. दुकानाचं नाव एक आणि पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारं नाव दुसरंच, अशा वेळी सावध माणूस ‘रद्द करा’वर बोट ठेवतो. त्यात त्याची काही चूक नाही.

सगळं धरून पहिला मेसेज असा होईल:

> नमस्कार ताई. सीओडी आहे, पण सगळ्याच पिनकोडांना नाही. तुमचा पिनकोड पाठवता का? तुमच्याकडे सीओडी पोहोचते का ते लगेच बघून सांगते. चपलेचे 950, कुरियर त्यातच. 200 आधी यूपीआयने आणि 750 पार्सल हातात आल्यावर. पूर्ण 950 आधी भरलेत तरी चालेल, किंमत तीच.

पिनकोड जुळला की दुसरा:

> तुमच्याकडे सीओडी पोहोचते. 200 भरताना स्क्रीनवर (खातेदाराचं नाव) असं नाव दिसेल, ते माझ्या मिस्टरांचं खातं आहे. चप्पल फाटकी, चुकीची किंवा फोटोपेक्षा वेगळी निघाली तर हे 200 सुद्धा परत मिळतील. पार्सल घ्यायलाच नकार दिला तर मात्र ते जाण्या-येण्याच्या भाड्यात जातील. चालत असेल तर पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि घरातला दुसरा एक नंबर द्या.

शेवटून दुसरं वाक्य, नकाराचं, पैसे घेण्याआधी गेलंच पाहिजे. तेच नंतर सांगितलं तर तो तुमचा नियम राहत नाही, तक्रार होते. दुसरा नंबरही अडल्यावर नाही, आधीच मागा. कुरियरवाल्याचा पहिला फोन कामावर असलेल्या माणसाला लागत नाही, हे परतीचं फार मोठं कारण आहे.

पार्सल निघालं की त्याच दिवशी ट्रॅकिंग नंबर आणि पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव कळवा: ‘पाकिटावर अमुक नाव असेल, 750 रुपये द्यायचे आहेत, घरच्यांना सांगून ठेवा.’ सासूबाईंचा प्रश्न या एका ओळीने मिटतो. 750 सुटे ठेवायला सांगा. पुष्कळ कुरियरवाल्यांकडे हल्ली क्यूआर असतो, पण त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला ठेवू नका. ‘पैसे द्यायच्या आधी उघडून बघता येईल का’ असंही हमखास विचारतात. साध्या सीओडीत आधी पैसे, मग पाकीट, हे सरळ सांगून टाका आणि लगोलग पुढचं वाक्य लिहा: ‘उघडल्यावर काही चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी फोटो पाठवा, मी परत घेते.’ उघडून बघता येईल असं खोटं सांगितलंत, तर दारात वाद कुरियरवाल्याशी होतो आणि पार्सल तुमच्याकडे येतं.

पार्सल ‘पोहोचवता आलं नाही’ असं पॅनलवर दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. बहुतेक कुरियर दोन-तीनदा प्रयत्न करतात आणि मग पार्सल परतीला लावतात. गिऱ्हाइकाला फोन करा, उद्या किती वाजता घरी कोण आहे ते विचारा आणि पॅनलवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ निवडून तिथेच वेळ आणि दुसरा नंबर टाका. ‘ग्राहकाने नाकारलं’ असं लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘माझ्याकडे कोणी आलंच नाही’, असंही घडतं. तसं असेल तर त्याचा तो मेसेज स्क्रीनशॉटसह कुरियरच्या तक्रारीत जोडा.

आता परतीचं. बायोमधलं ‘नो रिटर्न’ आजच काढा. ते तुम्हाला वाचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात. ऑनलाइन विक्रीसाठीच्या 2020 च्या नियमांत तर वर्णनाशी न जुळणारा मालही येतो. नियमित धंदा म्हणून विकणाऱ्याला ‘मी लहान आहे’ म्हणून यातून सुटका धरता येत नाही, आणि गिऱ्हाईक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही’ हेही त्याच पठडीतलं. व्हिडिओ जरूर मागा, त्याने वाद लवकर मिटतो; पण व्हिडिओ नाही म्हणून फाटका जोड नाकारणं टिकणार नाही. त्यापेक्षा पुरावा स्वतःकडे ठेवा. पॅक करताना दोन्ही चपलांचे तळवे, शिवण, अंगठा आणि शेवटी लेबल लावलेलं पाकीट, एवढं एका सलग व्हिडिओत घ्या. वीस सेकंद पुरतात.

‘नो रिटर्न’च्या जागी काय परत घेणार आणि काय नाही ते चपलेच्या भाषेत लिहा. शिवण सुटलेली, तळव्याचे थर उकललेले, अंगठा निखळलेला, दोन पायांची मापं वेगळी किंवा दुसराच रंग गेला तर पैसे किंवा बदली जोड, आणि दोन्ही वेळचं भाडं तुमचं. डाव्या-उजव्या पायाच्या चामड्याच्या छटेत थोडा फरक, नव्या चामड्याचा वास, वापराने गडद होणारा रंग हा दोष नाही, हाताने केलेल्या चामड्याच्या चपलेचा तो गुण आहे. पण हे गिऱ्हाइकाला ऑर्डरच्या आधी माहीत असलं पाहिजे, आणि तुमचे फोटो फिल्टर लावून उजळ केलेले असतील तर छटेवरून आलेली तक्रार खरीच आहे. फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात काढा.

राहिला साइजचा प्रश्न, आणि तुमच्या धंद्यात खरी गर्दी इथेच असणार. ‘मला सहा नंबर लागतो’ यावर ऑर्डर घेऊ नका. बुटाचा सहा, बाजारातल्या सँडलचा सहा आणि तुमच्या कारागिराचा सहा एक नसतो. गिऱ्हाइकाला सांगा: संध्याकाळी, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा आणि भिंतीपासून खुणेपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजा आणि मोठं माप पाठवा. दिवसभर पाय थोडे सुजतात आणि बसून मोजलेलं माप कमी भरतं, म्हणून संध्याकाळी आणि उभ्याने. तुमच्याकडचा तक्ताही कारागिराने सांगितलेल्या नंबरांवर न ठेवता, प्रत्येक नंबरच्या चपलेचा तळवा स्वतः पट्टीने मोजून बनवा आणि नवा लॉट आला की पुन्हा तपासा.

चप्पल पोहोचल्यावर ‘घट्ट होतेय’ असा मेसेज आला तर लगेच बदलून देऊ नका आणि लगेच ‘तेल लावा, सैल होईल’ असंही लिहू नका. आधी पायात घालून बाजूने काढलेला एक फोटो मागा. चामडं वापराने रुंदीला सैल पडतं, लांबीला वाढत नाही. टाच तळव्याच्या बाहेर लोंबत असेल तर नंबरच चुकलाय. तो जोड कितीही तेल प्यायला तरी बसणार नाही, बदलूनच द्यायला हवा. टाच आत आहे आणि फक्त पट्टा किंवा अंगठा रुततोय, तर थोडे दिवस घरात वापरून ती बसेल. हा निर्णय तेल लावण्याआधी व्हायला हवा, कारण एकदा तेल लागलं की चामडं डागळतं आणि तो जोड दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. तुम्हीच तेल लावायला सांगितलंत आणि चार दिवसांनी ‘तेल लावलेली परत घेत नाही’ म्हणालात, तर चूक तुमची ठरते. उत्तर असं द्या:

> ताई, आधी चादरीवर किंवा सतरंजीवर उभं राहून बाजूने एक फोटो पाठवा. बाहेर घालू नका, तेलही लावू नका. टाच बाहेर येत असेल तर मी नंबर बदलून देते. टाच आत असेल तर पट्टा कसा सैल करायचा ते सांगते.

चादरीवर अशासाठी की कोल्हापुरीच्या तळव्याला फरशीवर दोन पावलं टाकली तरी ओरखडा पडतो. पार्सलमध्ये एक छोटी चिठ्ठीही घाला: ‘माप बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत चादरीवरच घालून बघा.’ परत आलेला जोड घालून हिंडवलाय की नुसता पायात घालून बघितलाय, ते तळव्यावरच कळतं. पॅकिंगच्या व्हिडिओतला तळवा त्याच्या शेजारी ठेवून बघा.

बदलीचं भाडं कोणी द्यायचं? ते मापाच्या मेसेजवरून ठरवा. तिने 24 सेंटीमीटर कळवलं आणि तुम्ही तक्त्यातून चुकीचा नंबर पाठवलात, तर दोन्ही भाडी तुमची. तिने माप न देता ‘सहाच पाठवा’ म्हटलं असेल, तर जोड तुमच्यापर्यंत आणण्याचा खर्च तिचा आणि नवा पाठवण्याचा तुमचा, एकदाच. हे ऑर्डरच्या वेळी एका ओळीत लिहून ठेवलेलं असेल तर नंतर ताणाताण होत नाही. सगळ्या पिनकोडांवर घरून उचलण्याची सोय नसते; नसेल तर तिला स्पीड पोस्टने पाठवायला सांगा आणि पावतीचा फोटो मागा.

सीओडीत पैसे परत करायचे तर मूळ खातं नसतं, रोख कुरियरकडे गेलेली असते. गिऱ्हाइकाचा यूपीआय आयडी मागा, पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव चॅटमध्ये विचारून जुळवा आणि पाठवल्यावर व्यवहार क्रमांक कळवा. सीओडीचे पैसे कुरियरकडून तुमच्या खात्यात यायला डिलिव्हरीनंतर काही दिवस जातात, म्हणून परताव्यासाठी दोन-तीन जोडांची रक्कम खात्यात बाजूला असू द्या. ‘कुरियरचे पैसे आले की देते’ हे उत्तर गिऱ्हाइकाला टाळाटाळच वाटतं. परताव्याच्या वेळीच एक फसवणूकही होते. कोणी ‘चुकून 2000 पाठवले, 1050 परत करा’ म्हणत स्क्रीनशॉट पाठवला, तर स्क्रीनशॉट किंवा एसएमएस न बघता बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. आणि ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला कोणी सांगितलं की तिथेच थांबा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही; पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

हे सगळं रोज हाताने टाइप करत बसू नका. व्हॉट्सॲप बिझनेसच्या सेटिंगमध्ये बिझनेस टूल्समध्ये क्विक रिप्लाय असतात. वरचे मेसेज तिथे `/cod`, `/map`, `/badal` अशा नावांनी साठवा, म्हणजे चॅटमध्ये तेवढं टाइप केलं की पूर्ण मजकूर समोर येतो. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यातही सेव्ह केलेले रिप्लाय ठेवता येतात. मात्र पाठवण्याआधी नाव, रक्कम आणि जोडीचा रंग प्रत्येक वेळी वाचून बदला. तपकिरी जोड विचारणाऱ्याला काळ्याचा साठवलेला मजकूर गेला, तर माणूस वाचतोय की नाही हीच शंका येते, आणि 200 रुपये तिथेच अडकतात.

पुढच्या महिन्याच्या सीओडी ऑर्डरी एका वहीत लिहा: पिनकोड, आगाऊ मिळाले का, माप सेंटीमीटरमध्ये आलं का, पार्सल पोहोचलं की परत आलं, परत आलं तर पॅनलवरचं कारण. वीस-पंचवीस ओळी झाल्या की तुमची पार्सलं पत्त्यामुळे परत येतात, फोनमुळे की मापामुळे, ते डोळ्यांनी दिसेल. एखाद्याच पिनकोडवरून पुन्हा पुन्हा परती येत असतील, तर तिथे दुसरा कुरियर लावून बघा किंवा तेवढ्यापुरतं प्रीपेडच ठेवा.